संकल्पना नकाशा: ठाणे खाडीतला ऊर्जाप्रवाह (इयत्ता नववी, विज्ञान)

मुख्य प्रश्न: ठाणे खाडीच्या सजीवांमधून ऊर्जा कशी जाते, खनिजे कशी जातात, आणि दोघांचा मार्ग वेगळा का?

नकाशातली प्रत्येक चौकट या प्रश्नाचे उत्तर द्यायला मदत करते का, हे आधी पाहिले आहे. फळ्यावरच्या कच्च्या नकाशात एका गटाने लिहिले होते, "ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ झाली." वाक्य खरे आहे. २०१५ मध्ये इथे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, हेही खरे आहे. पण मुख्य प्रश्नाशी दोन्हींचा संबंध नाही, म्हणून ती काढली. ती वहीत वेगळी लिहून ठेवा.

वाचण्याची रीत

चौकोनी कंसातला शब्द म्हणजे चौकट. कंसाबाहेरचे सगळे शब्द बाणावर लिहायचे. मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे बाणावरच्या मजकुराचे बहुतेक वेळा दोन तुकडे होतात. एक पहिल्या चौकटीला चिकटतो, दुसरा दुसऱ्या चौकटीनंतर येऊन वाक्य पुरे करतो. तक्त्यावर चौकटीत मूळ शब्दच लिहा; सामान्यरूप वाचताना आपोआप होते. बाण नेहमी वाक्याच्या दिशेने काढायचा.

जोडीतल्या एकाने दुवा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने फक्त ऐकायचे. ऐकणाऱ्यासमोर तक्ता नको. तक्ता समोर असला की डोळे उरलेले शब्द भरून काढतात आणि अपुरे वाक्यही पुरे वाटते. वाक्य पुरे आहे का, खरे आहे का, आणि "नेहमी?" असे विचारल्यावरही टिकते का, हे ऐकणाऱ्याने सांगायचे. "शी संबंध आहे", "वर अवलंबून आहे" असले शब्द बाणावर चालणार नाहीत. कोणत्याही दोन चौकटींमध्ये ते बसतात, म्हणून त्यांतून काहीच कळत नाही.

वरचा भाग

१. [ठाणे खाडी] ही एक [परिसंस्था] आहे.
२. [परिसंस्थे]त [जैविक घटक] असतात.
३. [परिसंस्थे]त [अजैविक घटक] असतात.
४. [अजैविक घटकां]मध्ये [सूर्यप्रकाश] येतो.
५. [अजैविक घटकां]मध्ये [भरतीचे पाणी] येते.
६. [भरतीचे पाणी] [चिखला]त गाळ आणि मीठ आणून टाकते.

इथे अडचण नाही, पुढे चला.

उत्पादक

७. [तिवराचे झाड] हे [उत्पादक] आहे.
८. [नीलहरित जीवाणू] हे [उत्पादक] आहेत.
९. [चिखलावरचे डायटम] हे [उत्पादक] आहेत.
१०. [तिवराचे झाड] [सूर्यप्रकाशा]तली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाने अन्नात साठवते.
११. [नीलहरित जीवाणू] [सूर्यप्रकाशा]तली ऊर्जा प्रकाशसंश्लेषणाने अन्नात साठवतात.

तीन गटांचा दुवा असा होता: "[उत्पादक] म्हणजे [हिरव्या वनस्पती]." ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पण नीलहरित जीवाणू हे जीवाणू आहेत, आणि डायटम हे एकपेशीय शैवाल, वनस्पती नव्हे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर जो तपकिरी-हिरवट पातळ थर दिसतो तो बराचसा यांचाच. "म्हणजे" लिहिले की दोन्ही चौकटी सारख्याच ठरतात. इथे त्या सारख्या नाहीत, म्हणून दुवा उलटा फिरवून, एकेका सजीवाला "उत्पादक आहे" असे म्हटले आहे.

तिवर आणि चिखल

हा भाग नकाशातला सगळ्यात दाट आहे. जरा थांबून वाचा.

१२. [तिवराच्या मुळां]ना पाण्याने भरलेल्या [चिखला]त पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.
१३. [तिवराचे झाड] चिखलाबाहेर [श्वसनमुळे] काढते.
१४. [श्वसनमुळां]च्या सालीवरच्या रंध्रांतून [हवेतला ऑक्सिजन] आत जातो.
१५. [हवेतला ऑक्सिजन] [मुळांच्या पेशीं]ना श्वसनासाठी लागतो.
१६. [तिवराची पाने] [जादा मीठ] ग्रंथींवाटे बाहेर टाकतात.

ऐरोलीच्या किनारा व सागरी जैवविविधता केंद्राच्या लाकडी वाटेवरून ओहोटीच्या वेळी खाली बघा. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी असलेली शेकडो टोके म्हणजेच श्वसनमुळे. तिवराच्या पानाच्या पृष्ठभागावर कोरड्या दिवशी मिठाचे बारीक स्फटिक चकाकताना दिसतात. ते दुवा १६ मधले मीठ.

सगळ्यात जास्त वाद झाला तो दुवा १४ वर. एका गटाचा दुवा होता: "[झाड] [ऑक्सिजन] सोडते, घेत नाही." अर्धा वर्ग त्याच्या बाजूने होता, कारण आपण पाचवीपासून हेच ऐकत आलो आहोत. झाडाच्या प्रत्येक जिवंत पेशीला श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो, दिवसाही आणि रात्रीही. दिवसा उजेडात पाने श्वसनाला लागतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन तयार करतात, म्हणून तो बाहेर पडताना दिसतो. मुळे मात्र चिखलात, अंधारात असतात. तिथे प्रकाशसंश्लेषण नाही, फक्त श्वसन आहे. तिवराचे झाड श्वसनमुळे का वाढवते, याचे उत्तर "सोडते, घेत नाही" या वाक्यातून कधीच मिळणार नाही. त्या गटाचा दुवा "घेत नाही" हे शब्द काढून, "उजेडात" हा शब्द घालून असा ठेवला:

१७. [तिवराची पाने] उजेडात [ऑक्सिजन] बाहेर सोडतात.

दुवा १४ आणि १७ आता नकाशात शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही खरे आहेत. ते एकत्र वाचा.

भक्षक

१८. [छोटा फ्लेमिंगो] [नीलहरित जीवाणू] पाण्यातून चोचीने गाळून खातो.
१९. [छोटा फ्लेमिंगो] [डायटम] पाण्यातून चोचीने गाळून खातो.
२०. [मोठा फ्लेमिंगो] [चिखलातले बारीक प्राणी] गाळून खातो.
२१. [फ्लेमिंगो]च्या पिसांना [अन्नातल्या कॅरोटिनॉइडां]मुळे गुलाबी रंग येतो.
२२. [छोटा फ्लेमिंगो] हा मुख्यतः [प्राथमिक भक्षक] आहे.
२३. [निवटी] हा [मासा] आहे.
२४. [निवटी] [ओल्या त्वचे]तूनही हवेतला ऑक्सिजन घेते.
२५. [बगळा] [निवटी]ला खातो.

बाणाची दिशा इथे नीट समजून घ्या. पुस्तकातल्या अन्नसाखळीत बाण शैवालाकडून फ्लेमिंगोकडे जातो, कारण तो बाण ऊर्जा कुठे गेली ते दाखवतो. आपल्या नकाशात दुवा १८ चा बाण फ्लेमिंगोकडून निघतो, कारण वाक्याचा कर्ता फ्लेमिंगो आहे. अन्नसाखळीचा बाण जसाच्या तसा उचलून त्यावर "खातो" लिहिले तर वाक्य होते "नीलहरित जीवाणू फ्लेमिंगोला खातात." एका तक्त्यावर हे वाक्य दोन दिवस तसेच होते, मोठ्याने वाचल्यावर पाच सेकंदांत सापडले.

"[निवटी] हा [उभयचर] आहे" हा दुवा खोडला. ती चिखलावर उड्या मारते, बराच वेळ पाण्याबाहेर राहते, तरी तिला कल्ले आणि पर आहेत. राहण्याची जागा बघून गट ठरवू नका.

"[फ्लेमिंगो] [खारफुटी]त राहतात" हाही खोडला. ते उघड्या चिखलावर आणि उथळ पाण्यात चरतात. फांदीवर बसलेला फ्लेमिंगो भांडुपला कोणी पाहणार नाही. आणि "[फ्लेमिंगो] [ठाणे खाडी]त अंडी घालतात" हे तर पूर्णच चूक. ते इथे हिवाळ्यात खायला येतात. वीण दुसरीकडे होते, कच्छचे रण त्यासाठी प्रसिद्ध आहे.

बगळ्याची पोषण पातळी नकाशात दिलेली नाही, आणि हे मुद्दाम आहे. काही जातींच्या निवट्या डायटम खातात, काही लहान प्राणी खातात. बगळ्याने कोणती निवटी खाल्ली यावर त्याची पातळी बदलते, त्यामुळे "बगळा तृतीयक भक्षक आहे" हे "नेहमी?" या प्रश्नापुढे टिकत नाही.

ऊर्जा एकीकडे, खनिजे दुसरीकडे

२६. [ऊर्जा] [पोषण पातळ्यां]मधून एकाच दिशेने जाते.
२७. [खालच्या पातळी]तल्या ऊर्जेपैकी सरासरी सुमारे १० टक्केच [वरच्या पातळी]तल्या सजीवांच्या शरीरात साठते.
२८. [श्वसना]त [ऊर्जे]चा बराच भाग उष्णता होऊन बाहेर पडतो.
२९. [विघटक] [गळलेल्या पानां]चे साध्या घटकांत रूपांतर करतात.
३०. [विघटकां]मुळे [खनिजे] चिखलात परत येतात.
३१. [खनिजे] [उत्पादकां]ना पुन्हा वापरता येतात.

दुवा २७ मधले "सरासरी" आणि "सुमारे" हे दोन शब्द खोडायचे नाहीत. १० टक्क्यांचा हा नियम १९४२ साली रेमंड लिंडमन यांनी मांडलेल्या विचारातून आला. प्रत्यक्षात हे प्रमाण परिसंस्थेनुसार कमी-जास्त होते.

सहापैकी चार गटांनी लिहिले होते, "[विघटक] [ऊर्जा] मातीत परत करतात." दुवा ३० वर "खनिजे" ऐवजी "ऊर्जा" ठेवली की हेच वाक्य तयार होते, आणि ते चूक आहे. विघटकही श्वसन करतात. पानातली उरलेली ऊर्जा त्यांच्या शरीरात जाते आणि शेवटी उष्णता होऊन निघून जाते. ती उष्णता तिवराच्या पानाला प्रकाशसंश्लेषणासाठी वापरता येत नाही, म्हणून झाडाला दुसऱ्या दिवशी पुन्हा सूर्यच लागतो. नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र चिखलात उतरतात आणि झाडाच्या मुळांपर्यंत परत पोहोचतात. मुख्य प्रश्नातल्या "वेगळा का?" चे उत्तर दुवा २८ आणि ३१ यांच्यामध्ये आहे. हे दोन बाण तक्त्यावर वेगवेगळ्या रंगांनी काढा: २८ चा बाण नकाशाच्या बाहेर जातो, ३१ चा वर उत्पादकांकडे वळतो.

आडवे दुवे

नकाशाच्या दोन लांबच्या भागांना जोडणारे हे बाण सगळ्यात शेवटी काढायचे.

३२. [तिवराची गळलेली पाने] [खेकड्यां]ना अन्न म्हणून मिळतात.
३३. [खेकडे] पाने कुरतडून बारीक करतात, त्यामुळे [विघटकां]चे काम सोपे होते.
३४. [सांडपाण्या]तली नायट्रेट आणि फॉस्फेट [शैवाला]ची वाढ वाढवतात.

दुवा ३३ मध्ये खेकड्याला "विघटक" म्हटलेले नाही. तो पाने खातो आणि तुकडे करतो. साध्या घटकांपर्यंतचे काम जीवाणू आणि बुरशी करतात.

दुवा ३४ पुढे एका गटाने "म्हणून [फ्लेमिंगो] वाढले" असा बाण जोडला होता. विचार हुशारीचा आहे. पण "म्हणून" हा शब्द कारण सांगतो, आणि आपण वर्गात दाखवू शकतो ते इतकेच: सांडपाण्याने शैवाल वाढते (दुवा ३४), आणि छोटा फ्लेमिंगो नीलहरित जीवाणू व डायटम खातो (दुवा १८, १९). हे तीन दुवे राहतील, "म्हणून" चा बाण तक्त्यावर येणार नाही.

बुधवारी तक्ते अदलाबदल करून वाचायचे आहेत. दुवा ऐकून खरा ठरला की ऐकणाऱ्याने त्याच्या आकड्याशेजारी आपली सही करावी. सही नसलेला बाण पेन्सिलीतच ठेवा.