विषय: दूध संकलन व बिलिंग प्रणाली – यूएटी नापास, १ ऑगस्टचं गो-लाइव्ह पुढे ढकलण्याबाबत

मा. अध्यक्ष, मा. कार्यकारी संचालक व स्टीअरिंग कमिटीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

आधी मुद्द्याचं: १ ऑगस्टला नवीन प्रणाली सुरू करू नये अशी माझी शिफारस आहे. नवी तारीख १ सप्टेंबर धरावी. १३ ते २४ जुलै या काळात झालेल्या यूएटीवर लेखा आणि संकलन या दोन्ही विभागांनी सही केलेली नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

ठरलेल्या ११८ टेस्ट केसपैकी ८३ पास, २७ नापास, ८ घेताच आल्या नाहीत. नापास २७ पैकी ४ गंभीर आहेत. आपला निकष होता की एकही गंभीर दोष शिल्लक नको आणि घेतलेल्यांपैकी ९५ टक्के पास हव्यात. आपण ७५ च्या आसपास आहोत.

चारांतला सगळ्यात मोठा दोष एसएनएफचा. यूएटीसाठी बोलावलेल्या १२ संस्थांच्या सचिवांपैकी पन्हाळा तालुक्यातल्या एकांनी पहिल्याच दिवशी तो पकडला. म्हशीचं दूध, फॅट ६.९, सीएलआर २९. आपल्या सूत्राने एसएनएफ येतो ८.९९. जुनी प्रणाली तो ९.० धरते आणि पूर्ण दर लावते. नवीन प्रणाली दुसरा अंक सरळ कापून ८.९ धरते आणि लिटरमागे ३० पैसे वजा करते. १४ लिटरला ४ रुपये २० पैसे, तेही एका वेळच्या दुधाला. सचिव म्हणाले, "मशीन म्हणतंय एक, पावती म्हणत्या एक. गवळ्याला मी काय सांगू?" याचं उत्तर आज आपल्याकडे नाही. दुरुस्ती छोटी आहे, पण दरपत्रकाच्या प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा तपासावी लागेल.

दुसरा दोष गगनबावडा भागात रेंज नसताना दिसला. संकलन ऑफलाइन नोंदवलं, रेंज आल्यावर डेटा वर गेला, पण मध्येच तुटला तर तीच सकाळ दोनदा चढते. तिसरा पुराचा. पाणी आल्यावर एका गावाचं दूध दुसऱ्या शीतकरण केंद्रावर न्यावं लागतं, हे दरवर्षीचंच आहे. नवीन प्रणाली मात्र ठरलेला रूट नसला की ते दूध घेतच नाही. राजाराम बंधाऱ्यावर पातळी इशाऱ्याच्या ३९ फुटांकडे जायला लागली की आपले रूट बदलतात, तेव्हा ऑगस्टमध्ये हा धोका घेणं मला परवडणारं वाटत नाही. चौथा दोष: पशुखाद्याची कपात बिलापेक्षा जास्त असेल तर उणे बिल तयार होतं.

हे आधी का दिसलं नाही, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. व्हेंडरने आपल्या अंतर्गत चाचणीत पूर्णांकातले आकडे वापरले: फॅट ७.०, सीएलआर ३०, सगळं गुळगुळीत. पण तो डेटा मंजूर आम्हीच केला होता. शिवाय सचिवांना मे महिन्यातच बोलवायला हवं होतं, ते आम्ही शेवटच्या पंधरवड्यावर ढकललं. ही चूक प्रकल्प कार्यालयाची, म्हणजे माझी.

तारीख अशी निवडली आहे: आपलं बिल दहा दिवसांचं असल्यामुळे सुरुवात १, ११ किंवा २१ लाच करता येते. व्हेंडरने चारही गंभीर दोष ५ ऑगस्टपर्यंत दुरुस्त करून देण्याचं लेखी कळवलं आहे. त्यानंतर ११ ते २० ऑगस्टचं पूर्ण बिल ४० संस्थांत दोन्ही प्रणालींवर काढून पावती-पावती जुळवू. २४ ऑगस्टला कमिटीपुढे निकाल ठेवू. १ सप्टेंबर हुकलं तर पुढची तारीख ११, ती गणपतीच्या तोंडावर येते आणि त्या दिवसांत संस्थांचे सचिव आपल्याला मिळणार नाहीत. म्हणून तेव्हा थेट १ ऑक्टोबर, हे आत्ताच सांगून ठेवतो.

जुन्या सर्व्हरचा करार महिनाभर वाढवायला १ लाख ८० हजार रुपये लागतील. दुरुस्तीचा खर्च व्हेंडरकडे आहे. उत्पादकांच्या चालू बिलांवर काहीही परिणाम नाही, ती जुन्या प्रणालीवरच निघतील.

आपल्याकडून दोन गोष्टी हव्यात: नव्या तारखेला मंजुरी आणि वरील खर्चास मान्यता. दोन्ही बुधवार, २९ जुलैपर्यंत मिळाल्या तर संस्थांना पत्र त्याच दिवशी जाईल. १ तारखेची पत्रकं काही गावांत आधीच लागली आहेत, तेव्हा उशीर झाल्यास सचिवांना गावकऱ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागेल.

दोषांची पूर्ण यादी आणि ४० संस्थांची नावं सोबत जोडली आहेत. सोमवारी सकाळी ११ वाजता मुख्य कार्यालयात मी व लेखाप्रमुख उपलब्ध आहोत. ज्यांना ८.९९ ची पावती प्रत्यक्ष पाहायची आहे त्यांनी जरूर यावं.

आपला विश्वासू,
प्रकल्प व्यवस्थापक, संगणकीकरण विभाग
कोल्हापूर, २५ जुलै