विषय: सीनियर क्वालिटी इंजिनिअर, चाकण प्लँट – ऑफर स्वीकारत नसल्याबाबत

नमस्कार मॅडम,

18 जूनचं ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. उत्तरासाठी 23 तारखेपर्यंत मुदत आहे, पण निर्णय झालाच आहे तर तुमचे दिवस अडवून ठेवणं बरं नाही, म्हणून आजच कळवते: ही ऑफर मी स्वीकारू शकत नाही.

कारण पगाराचं नाही. 9.6 लाखांचं पॅकेज माझ्या अपेक्षेप्रमाणेच होतं, त्यामुळे आकड्यात बदल झाला तरी माझं उत्तर हेच राहील. दुसऱ्या फेरीत प्लँट हेड सरांनी कामाचं स्वरूप अगदी मोकळेपणाने सांगितलं. ग्राहकाची लाइन थांबली की क्वालिटीच्या माणसाला रात्री किंवा रविवारीही लगेच हजर राहावं लागतं, आणि निर्णय वरून झटपट येतात. या पद्धतीत उत्तम काम करणारे लोक आहेत. माझं काम मात्र ठरलेल्या शिफ्टमध्ये, मूळ कारण शोधायला पुरेसा वेळ मिळाला आणि टीमसोबत बसून निर्णय घेता आला, तरच चांगलं होतं. दोन्हींचा मेळ बसणार नाही असं वाटत असताना जॉइन होऊन चार महिन्यांत सोडून जाणं तुम्हालाही महागात पडलं असतं. सरांनी तेव्हाच स्पष्ट सांगितल्यामुळे मला वेळेत ठरवता आलं.

आता तुमच्याकडे सुरू असलेल्या प्रक्रियेबद्दल. मंगळवारी, 24 जूनला ठरलेली मेडिकल कृपया रद्द करावी. पार्श्वभूमी पडताळणी करणाऱ्या एजन्सीला आजच थांबायला सांगावं ही विशेष विनंती: मी अजून राजीनामा दिलेला नाही, आणि सध्याच्या कंपनीत चौकशीचा फोन गेला तर माझी अडचण होईल. आधार, पॅन आणि तीन महिन्यांच्या पगारपत्रकांच्या मी पाठवलेल्या प्रती काढून टाकल्या की एका ओळीत कळवाल का? मूळ कागदपत्रं मी दिलेली नाहीत, ऑफर लेटरवर सहीही केलेली नाही. पोर्टलवर नकार नोंदवला आहे. तिथे कारणांच्या यादीत माझं कारण नसल्याने ‘इतर’ निवडलं.

प्लँट फिरताना लाइनच्या टोकाला तासातासाच्या रिजेक्शनचा फळा दिसला, आणि ऑपरेटर स्वतः आकडे भरत होते. ते मला फार आवडलं. सरांनाही माझे आभार कळवावेत.

प्रत्यक्ष बोलायचं असेल तर उद्या संध्याकाळी सहानंतर फोन करा, मी उचलेन. दिवसा ऑफिसमध्ये असल्याने नीट बोलता येणार नाही.

आपली,
मानसी
20 जून