इयत्ता आठवी, नागरिकशास्त्र: सहकार आणि बचत गट (प्रसंगावर आधारित प्रश्न, गुण २०)

सूचना: प्रसंग दोनदा वाचा. पाठ केलेल्या व्याख्येला गुण नाहीत, कारणांना आहेत.

प्रसंग १ (कल्पित)

मराठवाड्यातील एका गावात बारा जणींचा बचत गट आहे. प्रत्येकी दरमहा १०० रुपये बचत, आणि गट सुरू होऊन दहा महिने झाले आहेत. गटाने अध्यक्षांच्या जाऊबाईंना किराणा दुकानासाठी ५,००० रुपये कर्ज दिले आहे. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. त्यांचे दोन हप्ते थकले आहेत.

जूनच्या बैठकीत दोन मागण्या आल्या. एका सदस्येला सोयाबीनचे बियाणे आणि खत घ्यायला ६,००० रुपये हवे आहेत. पाऊस पडून गेला आहे, पेरणी खोळंबली आहे. जाऊबाईंना मुलाच्या जावळासाठी आणखी ३,००० हवे आहेत. अध्यक्ष म्हणतात, "घरचीच माणसं आहेत, कुठं पळून जाणार?" सचिव काही न बोलता हिशेबाची वही पुढे सरकवतात. एका सदस्येचे पती बैठकीत येऊन बसले आहेत आणि तिच्याऐवजी तेच बोलत आहेत. गावातला सावकार शेकडा पाच रुपयांनी लगेच पैसे देतो.

१. व्याज आणि परत आलेले हप्ते न धरता गटाकडे आज किती रक्कम आहे? (१)

२. ६,००० रुपयांवर पहिल्या महिन्यात सावकाराचे व्याज किती आणि गटाचे किती? गटाला मिळालेले व्याज शेवटी कोणाचे होते? (२)

३. तुम्ही सचिव आहात. बैठकीचा ठराव इतिवृत्तात लिहिता तसा लिहा: कोणाला किती, का, आणि थकलेल्या हप्त्यांचे काय. जाऊबाईंना दोष देऊन सुटू नका. त्यांचे दुकान चालले तरच हप्ते येतील, हेही ध्यानात घ्या. (५)

४. पतीने बोलण्यास तुमची हरकत आहे का? ती सभ्य शब्दांत कशी मांडाल? (३)

प्रसंग २ (सत्य)

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात लोणीजवळ ऊस उत्पादकांनी भागभांडवल जमवून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा केला. विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ पहिले अध्यक्ष झाले. १९५० च्या सुमारास गाळप सुरू झाले. सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदाला एकच मत असते, भाग कितीही असोत. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क संविधानाच्या १९ व्या कलमात आला.

५. एकाकडे १ भाग, दुसऱ्याकडे ४० भाग. संचालक मंडळाच्या निवडणुकीत प्रत्येकाची मते किती? खासगी कंपनीत काय झाले असते? (२)

६. "जास्त पैसा घालणाऱ्याला जास्त अधिकार हवा." या मताच्या बाजूने दोन आणि विरुद्ध दोन मुद्दे लिहा. बाजूचे मुद्दे मनापासून लिहा, मोडीत काढण्यासाठी नको. (४)

७. घरच्यांना विचारा: आपल्या गावच्या दूध संस्थेची किंवा विविध कार्यकारी सोसायटीची मागची वार्षिक सभा कधी झाली? घरातून कोण गेले होते? तिथे काय विचारले? कोणी गेले नसेल, तर का, ते लिहा. (३)