डावं जुनं, उजवं नवं

बसा, बसा सगळे. प्राजू म्हणाली, पप्पा, टोस्ट करायचा. मी म्हटलं, चहाबरोबर करतो. तर ती म्हणाली तसला नव्हे, उभं राहून बोलायचं, मग सगळ्यांनी ग्लास वर करायचे. आता आपल्या ह्या गच्चीवर ग्लास कसले आहेत ते दिसतंयच तुम्हाला. मेहुण्यांनी कोपऱ्यात काही वेगळी सोय केली असली तर ती मला ठाऊक नाही, आणि मामांना तर अजिबात ठाऊक नाही.

मला बोलायची सवय नाही. चोवीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करायचं काम केलं. मागांच्या खात्यात आवाज एवढा की माणूस हातानं बोलतो. सुताचा भीम संपला, तार तुटली, चहा आला, सगळ्याला खुणा. त्यामुळं घरी आलो तरी मी खुणेनंच बोलतो अशी हिची तक्रार आहे. आज तोंडानं बोलतो.

२० फेब्रुवारी २०००, रविवार, आमचं लग्न झालं. आज तारीख २३, तीन दिवस उशीर झालाय, कारण गुरुवारी तुमच्यापैकी निम्मे आलेच नसते. त्या दिवशी मामांनी लेकीच्या पायात पैंजण घालून पाठवलं होतं. पंधरा भार, म्हणजे दीडशे ग्रॅम. हुपरीचं काम, तीन पदरी, खाली बारीक घुंगरांची ओळ. तेव्हा चांदी आठ हजार रुपये किलोच्या आसपास होती, म्हणजे जोड बाराशे रुपयांचा. ओंकार हसतोय. अरे, माझा आठवड्याचा पगार तेव्हा सातशे होता. तुझ्या आजोबांनी ते कसं केलं ते त्यांनाच विचार.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती हिनं इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती. मलाही नाही.

लग्नानंतर आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. भिंतीला भिंत लावून आठ मागांचं खातं. मला रातपाळी, आठ ते आठ. सकाळी येऊन दोन भाकऱ्या खायच्या आणि आडवं व्हायचं. पलीकडं आठ माग धडधडत असायचे आणि मी मेल्यासारखा झोपायचो. उलट लाइट गेली, माग थांबले की दचकून उठायचो! इचलकरंजीतल्या माणसांना हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांनी विश्वास ठेवा.

पण ही स्वयंपाकघरातून मोरीकडं गेली की मी जागा. मोरीकडून पाण्याच्या पिंपाकडं, परत जागा. आठ मागांनी मोडत नव्हती ती झोप त्या बारीक घुंगरांनी मोडायची. लग्नाला तीन महिने झाले असतील. एक दिवस लागोपाठ दोन रात्री काम झालेलं, डोकं भणभणत होतं, आणि मी अंथरुणातनंच ओरडलो, "ती छमछम बंद कर की जरा!"

बस्स. एवढंच वाक्य. मी कूस बदलून झोपलो. संध्याकाळी उठून कामाला गेलो. विसरलो.

ही काही बोलली नाही. दोन्ही पैंजणं काढली, सोनाराच्या त्या गुलाबी कागदात गुंडाळली आणि ट्रंकेत तळाला ठेवली. त्या दिवसापासून हिच्या पायात जोडव्यांशिवाय काही नाही. मामींनी विचारलं तर म्हणायची, टोचतात. माझ्या आईनं विचारलं तर म्हणायची, धुणं धुताना भिजतात. लग्नाकार्यात गेलो, सगळ्या बायका छुमछुम करत फिरायच्या आणि ही मांजरासारखी. मला वाटायचं हिला आवडत नसेल. काय नवरा! बायकोच्या पायात काय आहे हे बघायलासुद्धा मला सवड नव्हती.

प्राजू झाली तेव्हा बारशाला वाळे करायचे होते. हातात पैसे नव्हते, त्या महिन्यात खातं बंद होतं. हिनं उजव्या पायातलं पैंजण मोडायला दिलं. मला सांगितलं, आईनं चांदी दिली. मामी, तुमच्या नावावर तेवीस वर्षं साडेसात भार चांदी खोटीच जमा आहे, ती आज वजा करतो.

हे सगळं मला कळलं गेल्या दिवाळीला. प्राजूनं साफसफाईत ट्रंक उपसली आणि तळातनं ते एक पैंजण निघालं. काळंठिक्कर पडलेलं. ओंकार लगेच मास्तर झाला, हवेतल्या गंधकानं चांदी काळी पडते म्हणाला. प्राजूनं विचारलं, मम्मी, एकच कसं? ही म्हणाली, दुसरं तुझ्या वाळ्यात गेलं. बरं, मग तू घालत का नव्हतीस? तर ही हसत हसत म्हणाली, "तुझ्या पप्पांची झोप मोडायची."

हसत म्हणाली. तक्रार नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर मी परतवला असता, त्यात मी तयार आहे. मी तिथंच शिडीवर पंखा पुसत उभा होतो. खाली उतरलोच नाही बराच वेळ.

मग जानेवारीत तुम्हाला सगळ्यांना "पार्ट आणायला जातो" असं सांगून मी हुपरीला गेलो. बारा-तेरा किलोमीटर, पण आयुष्यात कधी त्या गल्ल्यांत शिरलो नव्हतो. कुठं आटणी चाललेली, कुठं तार ओढतायत, उंबऱ्यावर बसून बायका कड्या जोडतायत. एका म्हाताऱ्या कारागिराला ते पैंजण दाखवलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, हे आता कुणी करत नाही, मशिनच्या साखळ्यांचा जमाना आहे, मोडा आणि नवीन जोड घ्या. मी म्हटलं, मोडायचं नाही. ह्याला जोडीदार करून द्या. एकाच पायाचं.

एकाच पायाचं पैंजण करायला आलेलं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही, म्हणाले.

मी पोक्तपणा दाखवला, म्हटलं शंभर टंच चांदीत करा, कमी-जास्त नको. ते हसले. शुद्ध चांदी मऊ असते हो, म्हणाले, चार दिवसांत कडी उघडेल, नक्षी बसेल, घुंगरू चेपेल. थोडं तांबं पाहिजेच, तेव्हा ती टिकते. इथं मी संसारावर काहीतरी बोलावं असं प्राजूच्या चेहऱ्यावर दिसतंय. नाही बोलणार. शुद्ध कोण आणि तांबं कोण, एवढाच वाद उरेल.

पण खरी गंमत पुढं आहे. कारागिरांनी जुनं पैंजण उजळून आणलं, माझ्यासमोर धरलं आणि हलवलं. म्हणाले, ऐका, आवाज अजून कसा आहे.

मला ऐकू आलं नाही.

त्यांचा हात हलताना दिसत होता. घुंगरं हलताना दिसत होती. आवाज नाही. डावा कान पुढं केला तर लांबून काहीतरी आल्यासारखं वाटलं. कानाच्या डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, मागाच्या आवाजानं आधी बारीक, उंच आवाज जातात. जाड आवाज राहतात. म्हणून मला ट्रक ऐकू येतो आणि मोबाइल ऐकू येत नाही. ही हाक मारते ती "अहो" नुसती ओठांवर दिसते, आणि लोकांना वाटतं मी मुद्दाम करतो. कधी कधी मुद्दाम करतो, पण नेहमी नाही.

तर, जो आवाज मी बंद करायला सांगितला होता तो आता वाजला तरी माझ्यापर्यंत येत नव्हता. तिथं त्या दुकानात लोखंडी स्टुलावर बसून माझं मलाच कसंतरी झालं. कारागिरांना सगळं सांगितलं. ते जरा गप्प बसले, मग डबा उघडून घुंगरं काढत गेले. हे ऐकू येतं? नाही. हे? नाही. हे? चौथं की पाचवं, बोराएवढं, जाड आवाजाचं. आलं ऐकू. स्वच्छ आलं. मी म्हटलं, हे लावा, दोन्ही पैंजणांना.

सुनंदा, इकडं ये. अगं ये, माणसं आपलीच आहेत.

हे डाव्या पायाचं, मामांनी दिलेलं, २००० सालचं. नक्षी झिजलीय, खोबणीत थोडा काळा रंग राहिलाय, तो मीच राहू द्या म्हटलं. हे उजव्या पायाचं, ह्या महिन्यातलं. साडेसात भार. हे घडवलं तेव्हा चांदी लाखाला टेकली होती, म्हणजे जेवढ्यात तेव्हा जोड यायचा त्याच्या सहापट पैशांत हे एक आलंय, मजुरी वेगळी. ओंकार, पावती आहे, हिशेब नंतर कर. जोड तंतोतंत जुळत नाही, जवळून बघितलं तर कळतं. घुंगरं मात्र मोठी आहेत, जुन्यासारखा नाजूक आवाज येणार नाही. गाईच्या गळ्यातल्यासारखा येतो म्हणालीस तरी चालेल.

पायात मी घालतो. हसू नका. लग्नात विड्याचं पान तोडायला लावलं होतं तेव्हा ह्याहून जास्त हसला होता तुम्ही.

उखाण्याशिवाय सोडणार नाही म्हणताय? पाठ केलाय, थांबा.

हुपरीच्या पेठेत घडवलं पैंजण, एक नवं, एक जुनं,
सुनंदाच्या चाहुलीविना पंचवीस वर्षं घर होतं सुनं.

मी केलाय, त्यामुळं चूक असली तर माझी.

आता टोस्ट. रुपेरी दिवस आहे, तर रंग पांढराच पाहिजे. ज्यांच्या पानात पांढरा रस्सा आहे त्यांनी वाटी उचला. शाकाहारी मंडळींनी मठ्ठा उचला. मामा, तुम्ही बसूनच उचला. उचलली सगळ्यांनी? सुनंदाच्या नावानं, सुनंदाच्या पावलांच्या नावानं. प्या. गार व्हायच्या आत प्या, मला सकाळपासून मसाल्याचा वास मारतोय.

आणि सुनंदा, आता जरा चालून दाखव. त्या टाकीपर्यंत जा आणि ये.

तिकडनं नको. ह्या बाजूनं, डाव्या कानाकडनं.