बामणोली शूट: ड्रोन शॉट्सचा प्लॅन (सगळ्या युनिटसाठी)

स्क्रिप्टमध्ये ड्रोनचे सात शॉट लिहिलेत. मी तीनच ठेवले आहेत. शेतातला पाठलाग आणि घराभोवतीची चक्कर जमिनीवरून जास्त चांगली येईल आणि गावावरचे दोन शॉट कथेला काहीच देत नाहीत. आजोबांचं जुनं घर कोयनेच्या पाण्याखाली आहे, हे प्रेक्षकाला पहिल्यांदा कळतं ते सीन ९ मध्ये. तोवर पाण्याचा विस्तार वरून दिसता कामा नये. ड्रोन मुख्यतः त्या एका क्षणासाठी आहे.

परवानग्या

डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा ग्रीन झोनमध्ये येते, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी हवाई परवानगी लागत नाही. पण नकाशा बदलू शकतो, तात्पुरता रेड झोनही लागू शकतो. म्हणून आदल्या रात्री आणि निघताना पुन्हा तपासणार. ड्रोन दोन किलोच्या आतला, मायक्रो वर्गातला आहे. काम पैसे घेऊन असल्यामुळे पायलट सर्टिफिकेट लागतं, ते माझ्याकडे आहे. ते, ड्रोनचा युनिक आयडी आणि थर्ड पार्टी विम्याची प्रत फाईलमध्ये राहील. ग्रामपंचायत, मेढा पोलीस ठाणे आणि जलसंपदा विभागाला दिलेल्या पत्रांच्या पोचपावत्याही त्याच फाईलमध्ये. प्रॉडक्शनने ही फाईल गाडीत नाही, लोकेशनवर हातात ठेवायची.

ग्रीन झोन म्हणजे जंगलाची परवानगी नव्हे. समोरच्या बाजूला कोयना अभयारण्य आहे आणि वनविभागाची परवानगी आपण घेतलेली नाही. त्यामुळे ड्रोन जलाशयाच्या मध्याच्या पलीकडे जाणार नाही. फ्रेम कितीही सुंदर दिसत असली तरी नाही.

बॅटरी

चार बॅटऱ्या आहेत. खोक्यावर ३१ मिनिटं लिहिलंय, ते वारा नसतानाचं. मी १८ धरते. ३५ टक्क्यांना परत फिरायचं, २५ ला जमिनीवर. खाली पाणी आहे, येताना समोरून वारा असू शकतो, त्यामुळे "अजून एकच टेक" चालणार नाही. चढणं-उतरणं धरून सहा मिनिटं गेली की बारा उरतात. सीन ९ मधला पाणी उघडं पडण्याचा शॉट, म्हणजे रिव्हील, ५५ सेकंदांचा, पुन्हा जागेवर यायला दीड मिनिट. म्हणजे एका बॅटरीत पाच टेक, जास्त नाही. चार्जिंग एका वेळी एकच होतं आणि प्रत्येकीला सव्वा तास लागतो. मुक्कामाच्या ठिकाणी लाईट जाते, तेव्हा संध्याकाळी सातलाच लावून ठेवा. फुगलेली वाटली तर ती बॅटरी बाजूला, चर्चा नाही.

अंतरं

युनिटबाहेरच्या माणसांपासून किमान ३० मीटर, युनिटपासून १०, लाँच बोटीपासून ५०, विजेच्या तारांपासून ४०. कुणाच्याही डोक्यावरून उडवायचं नाही, कलाकारांच्याही नाही. ड्रोन कायम माझ्या नजरेसमोर असेल. माझी नजर स्क्रीनवर असताना सहायक फक्त आकाशाकडे आणि तारांकडे बघेल. त्याला तेव्हा दुसरं काम देऊ नका. घारी घिरट्या घालायला लागल्या की उतरवणार. टेक-ऑफ गाडी, जनरेटर आणि लोखंडी सामानापासून लांब, नाहीतर कंपास बिघडतो. पाण्यावर खालचे सेन्सर फसतात, म्हणून तिथे पाच मीटरच्या खाली येणार नाही. रिटर्न टू होमची उंची सगळ्यात उंच झाडापेक्षा १५ मीटर जास्त. लाँचवाले मामा आणि आजोबा, दोघांनाही लाईफ जॅकेट. आजोबांचं शालीखाली लपेल.

सीन ९ चा रिव्हील

सकाळी सहा ते पावणेआठ. मे महिन्यात त्यानंतर वारा सुटतो आणि पाण्यावर चमक येते. करवंदीच्या जाळ्यांमागून सुरुवात, जमिनीपासून पाच मीटर. कॅमेरा ३५ अंश खाली झुकलेला, फ्रेममध्ये फक्त भेगाळलेली माती आणि सुकलेलं गवत. वेग सेकंदाला दोन मीटर, सिने मोड. चाळीस मीटरवर काठ संपतो. तिथे जमीन खाली उतरते, ड्रोन उतरणार नाही, आणि पाणी एकदम उघडं पडतं. टिल्ट काठाच्या दोन सेकंद आधी सुरू, वीस सेकंदांत हळूहळू वर, ८ अंश खाली असताना थांबेल. क्षितिज सगळ्यात शेवटी यायला हवं. ते आधी आलं तर रिव्हील संपलाच. यॉला हात लावणार नाही. वळलं की नजर भरकटते. शेवटी लाँच १२० मीटरवर, काठाकडे पाठ करून उभी.

फ्रेमरेट २५, शटर १/५०, उजेडाप्रमाणे एनडी फिल्टर, व्हाईट बॅलन्स लॉक. हालचालीच्या आधी आणि नंतर पाच सेकंद स्थिर रेकॉर्डिंग, एडिटला लागतंच. "अॅक्शन" ड्रोन सरळ चालायला लागल्यावर द्या, आधी नाही. मामांना हात दाखवणारा माणूस काठावर नको, तो फ्रेममध्ये येतो. वॉकी वापरा.

उरलेले दोन शॉट, धक्क्यावरचा उभा शॉट आणि रस्त्यावरची एसटी, तिसऱ्या बॅटरीवर. चौथी राखीव. वारा सेकंदाला आठ मीटरच्या वर गेला तर सीन ९ दुसऱ्या दिवशी पहाटे. त्यासाठी लाँच दोन दिवसांची ठरवून ठेवा.