विद्यार्थी प्रकल्पासाठी सबडोमेन मिळणेबाबत

जा. क्र. व.शा./४७/२०२५-२६
दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. प्रमुख,
माहिती तंत्रज्ञान कक्ष

विषय : डिजिटल हर्बेरियम प्रकल्पासाठी `herbarium` हे सबडोमेन मिळणेबाबत.

महोदय,

वनस्पतीशास्त्र विभागाच्या तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांनी विभागातील हर्बेरियम शीट्स, म्हणजे वाळवलेल्या वनस्पती चिकटवलेले नोंदीचे कागद, स्कॅन करून त्यांची शोधता येईल अशी वेबसाइट तयार केली आहे. शास्त्रीय नाव, कूळ किंवा संकलनाचे वर्ष टाकले की शीटचा फोटो व लेबलवरचा मजकूर समोर येतो. सध्या ती प्रयोगशाळेतल्या संगणकावर चालते आणि आयपी पत्ता टाइप करून फक्त आतल्या नेटवर्कवर उघडते.

महाविद्यालयाच्या मुख्य डोमेनखाली `herbarium` हे सबडोमेन मिळावे, ही विनंती. फुकटच्या होस्टिंगवर साइट टाकणे सोपे होते, पण प्रत्येक शीटवर आणि आवारातल्या झाडांच्या पाट्यांवर क्यूआर कोड लावायचे आहेत. छापलेल्या कोडमधला पत्ता नंतर बदलता येत नाही. पत्ता बदलला की पाट्या निकामी. त्यामुळे सबडोमेन मिळेपर्यंत छपाई थांबवली आहे.

साइट स्टॅटिक आहे. लॉगिन नाही, डेटाबेस नाही, कुकी नाही. म्हणजे मुख्य संकेतस्थळाच्या कुकींना तिच्यामुळे बाधा येण्याचा प्रश्न नाही. विभागाचा संगणक थेट बाहेर उघडा करावा असे आम्हाला वाटत नाही. आपल्या वेब सर्व्हरवर जागा मिळाल्यास फाइल्स आणून देऊ. सर्व मिळून सुमारे ६ जीबी आहेत, त्यातला बहुतेक भार फोटोंचा. एचटीटीपीएस मात्र हवेच. प्रमाणपत्राचे नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था आपल्याकडून व्हावी, कारण परीक्षेच्या धामधुमीत ती तारीख विभागात कोणाच्याही लक्षात राहणार नाही.

दुर्मीळ वनस्पती नेमक्या कुठे सापडल्या, ते तपशील सार्वजनिक प्रतीतून काढले आहेत. ते लेबलच्या फोटोतही दिसत असल्याने अशा शीट्सचा तेवढा भाग झाकला आहे. मूळ नोंदी विभागात सुरक्षित आहेत.

विद्यार्थी वर्षअखेर बाहेर पडतील, म्हणून साइटची जबाबदारी त्यांच्यावर न ठेवता विभागातील एका कायम शिक्षकांकडे सोपवली आहे. पुढे साइट हलवली किंवा बंद केली, तर डीएनएस नोंद काढण्यासाठी आधी लेखी कळवू. मालक नसलेल्या जागेकडे बोट दाखवणारी नोंद तशीच राहिली तर तिसराच कोणी आपल्या नावाने पान उभे करू शकतो, याची आम्हाला कल्पना आहे.

१ सप्टेंबरपूर्वी सबडोमेन मिळाल्यास सत्र परीक्षेआधी क्यूआर कोड लावून होतील. `herbarium` हे नाव आधीच राखीव असेल, तर `plants` चालेल. सुरक्षा तपासणीसाठी साइटची प्रत पेन ड्राइव्हवर सोबत जोडली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,

(स्वाक्षरी)
विभागप्रमुख,
वनस्पतीशास्त्र विभाग

प्रत माहितीसाठी : मा. प्राचार्य
सोबत : साइटची प्रत (पेन ड्राइव्ह), प्रकल्पाची रूपरेषा