आप्पा-माईंच्या पन्नाशीचा व्हिडिओ : सुधारलेलं निवेदन

बाबू,

निवेदन वाचलं. किस्से उत्तम जमवलेस. पण तू फोटो सांगत गेलास, गोष्ट राहून गेली. "या फोटोत आप्पा, पुढच्या फोटोत माई" असं चाललं की लोक पाचव्या मिनिटाला जेवणाच्या पानांकडे बघायला लागतात. फोटो डोळ्यांना दिसतोच, तोंडाने वेगळं काहीतरी सांगायला हवं.

चार गोष्टी काढल्यात, रागावू नकोस. पहिल्या रात्रीचा विनोद गेला. समोर पहिल्या रांगेत आत्या आणि शेवटच्या रांगेत चौथीतली पोरं असणार आहेत. "मुलाची वाट बघता बघता तीन मुली" हे वाक्यही गेलं. त्या तिघी तिथेच बसलेल्या असतील, आणि माईंनी असं कधी म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. वाटणीच्या भांडणाचा इशाराही नको. भाऊकाका आता नाहीत, त्यांची मुलं मात्र बोरिवलीहून मुद्दाम येतायत. काकांचा फोटो ठेव, त्यावर एक चांगलं वाक्य दिलंय. सूनबाईंच्या मराठीवरची कोटी घरात चालते, तिच्या आईवडिलांसमोर नको. ते चंदीगडहून पहिल्यांदा कोकणात येतायत, म्हणून 'तर', 'आगर' असे शब्द आले तिथे बोलता बोलता अर्थही सांगून टाकलाय.

कंसातलं तुझ्यासाठी आहे, वाचायचं नाही.

(काळा पडदा, नुसता खाडीचा आवाज. मग लग्नाचा फोटो.)

नमस्कार मंडळी. मे १९७५. आंजर्ल्याहून मुरुडला एक वऱ्हाड निघालं. अंतर फार नाही, पण मध्ये खाडी. आज आपण पुलावरून गाडीने येतो. तेव्हा पूल नव्हता, तर होती. तर म्हणजे माणसं पैलतीरी नेणारी होडी. आणि तरीचं वेळापत्रक भिंतीवरच्या घड्याळावर नसे, भरती-ओहोटीवर असे.

जाताना सगळं सुरळीत झालं. मुहूर्त साधला, अक्षता पडल्या, जेवणं झाली. जेवणं जरा जास्तच रंगली. परत येईपर्यंत ओहोटी लागली आणि होडी काठापासून लांबच चिखलात रुतली. नवरी नऊवारी शालूत, नवरदेवाच्या कपाळाला मुंडावळ्या तशाच. तांडेल म्हणाला, "आता पाणी चढेपर्यंत बसा नाहीतर उतरा."

(इथे दोन सेकंद थांब. हसतील.)

नवरी उतरली. शालू वर खोचला, चपला हातात घेतल्या आणि गुडघाभर चिखलातून सासरी चालत आली. नवरदेव मागून येत होते, डोक्यावर नवरीची लोखंडी ट्रंक घेऊन. काठावर सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. त्यांनी आधी पाय धुवायला पाणी मागवलं, मग आरती. माई अजून सांगतात, "माप ओलांडायच्या आधी मी खाडी ओलांडली हो!"

(कड्यावरच्या गणपतीच्या पायऱ्यांवरचा फोटो.)

दुसऱ्या दिवशी जोडीने कड्यावरच्या गणपतीला गेले. फोटो काढायला सोबत आलेले हे भाऊकाका. आप्पांचे थोरले भाऊ. या घराच्या प्रत्येक कार्यात पहिला नारळ त्यांच्या हातचा असायचा. आज त्यांची आठवण सगळ्यांनाच येते आहे.

(शाळेचे फोटो, मग आगराचे. इथे सनई बंद कर.)

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. बदली झाली की गाव बदलायचं. कधी मंडणगडच्या बाजूला, कधी दापोलीच्या वरच्या अंगाला. शनिवारी एसटीने घरी, सोमवारी पहाटे पुन्हा एसटी. मग घर कोण बघत होतं? आगर कोण शिंपत होतं? आगर म्हणजे घरामागची ही नारळी-पोफळीची बाग. माईंना विचारा, कुठल्या पोफळीची सुपारी आधी पिकते ते त्या झाडाकडे न बघता सांगतील. मे महिन्यात अंगणभर आंबापोळीची ताटं, खळ्यात आमसुलं, आणि पाऊस येतोय की काय म्हणून एक डोळा कायम आभाळाकडे. आप्पांनी गावातल्या कितीतरी मुलांना बाराखडी शिकवली. त्यांच्या स्वतःच्या मुलांची पाटी मात्र चुलीपुढे बसून माईंनीच पुसली आणि पुन्हा लिहून घेतली.

(तिन्ही मुली आणि बाबू, विहिरीवरचा फोटो.)

ही चार मुलं. तिघी आणि एक. चौघांनाही विहिरीतच पोहायला शिकवलं, कमरेला सुके नारळ बांधून. शिकवणाऱ्या माई. आप्पा काठावरून सूचना द्यायचे. आप्पांना स्वतःला पोहता येत नव्हतं, हे मुलांना बरंच उशिरा कळलं.

पोरं शिकली, मुंबई-पुण्याला गेली. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, खेडला उतरून घरी येणं सोपं झालं. गणपतीला घर पुन्हा भरायला लागलं. सुना-जावई आले, नातवंडं आली. सरसों का साग पहिल्यांदा या चुलीवर शिजलं तेव्हा माईंनी वरून ओलं खोबरं घातलं. आमच्या सूनबाई म्हणतात, आता त्यांना खोबऱ्याशिवाय साग आवडत नाही.

(निसर्ग वादळ. फोटो तीनच ठेव, जास्त नकोत.)

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीमुळे मुलं आपापल्या शहरांत अडकलेली, घरात दोघंच. कौलं उडाली तेव्हा शेजारच्या चाची आणि त्यांच्या मुलांनी दोघांना आपल्या स्लॅबच्या घरात नेलं. चाची आज इथे बसल्या आहेत. चाची, तुमचे आभार मानायचे राहिलेच होते, ते आज सगळ्यांसमोर.

वारा थांबला आणि मागचं दार उघडलं तेव्हा आगर नव्हतंच. पोफळी एकीवर एक आडव्या, माड मधोमध मोडलेले. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. माईंनी पदर खोचला, पडलेल्या झावळ्या ओढायला घेतल्या आणि म्हणाल्या, "अहो, उभे काय राहिलात? ते टोक धरा."

(नव्या रोपांचा व्हिडिओ.)

पोफळीला सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसांनी त्या पावसाळ्यात नवी रोपं लावली. कोणासाठी, असं कोणी विचारलं की आप्पा नातवंडांकडे बोट दाखवतात आणि माई म्हणतात, "आमच्यासाठीच. पान खायचं असतं ना!" यंदा त्यातल्या काही झाडांना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली आहे.

आप्पा, माई, आता उठा. तुमची नातवंडं हार घेऊन मागच्या दारापाशी उभी आहेत. आणि मंडळी, हार घालून झाले की कोणीही दोघांना उखाणा घेतल्याशिवाय सोडायचं नाही. आधी आप्पा.

(निवेदन संपलं. पडदा बंद, दिवे लगेच लाव.)

बाबू, मोठ्याने वाचून बघ आणि घाई करू नकोस. "ते टोक धरा" हे माईंच्या आवाजात मिळालं तर फार बरं. दुपारी मोबाईलवर रेकॉर्ड करून घे, कशासाठी ते सांगू नकोस. आणि चाचींना आधी विचारून ठेव, त्यांचं नाव सर्वांसमोर घेतलेलं चालेल ना.

ताई